अठ्ठ्याहत्तर किलोंचे पाच टक्के

गेल्या वर्षी जानेवारी ते सप्टेंबर या काळात माझे वजन ७८.४ किलोंवरून ७२.६ किलोंवर आले. त्या महिन्यांत भेटलेल्या बहुतेकांनी माझे अभिनंदनच केले, कारण मी बरीच वर्षे मधुमेही आहे, माझी उंची १६८ सेंटिमीटर आहे आणि ‘थोडे वजन उतरवा’ हा सल्ला मला जवळजवळ प्रत्येक तपासणीत मिळत आलेला आहे. जुलैच्या तपासणीत फाइलमध्ये वजनाच्या आकड्यासमोर ‘कमी झाले, उत्तम’ असा शेरासुद्धा लिहिला गेला. सप्टेंबरमध्ये एका तरुण फिजिशियनने त्याच फाइलमधले आकडे एकाखाली एक मांडले, त्यांची टक्केवारी काढली, आणि त्या टक्केवारीचा माग काढत माझा फुप्फुसाचा क्षयरोग सापडला. मला खोकला नव्हता, ताप जाणवत नव्हता आणि साखरही आटोक्यात होती. हाताशी होता तो फक्त वजनाचा उतरता आकडा. तो कसा वाचला गेला, हे या लेखात सविस्तर सांगतो.

माझे नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते म्हणून मी त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी साखरेचे रिपोर्ट पाहिले, रक्तदाब घेतला आणि मग फाइलची पाने मागे उलटत विचारले, “काका, हे वजन तुम्ही कमी केलंत, की कमी झालं?” मी म्हटले की कमी करायचेच होते, त्यामुळे झाले ते चांगलेच झाले. त्यावर त्या म्हणाल्या, “करायचं होतं हे ठीक आहे, पण त्यासाठी तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगा.” मग त्यांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. जेवण ठरवून कमी केले का? नाही, पण संध्याकाळची दुसरी भाकरी हल्ली नको वाटते. चालणे वाढवले का? उलट पूर्वी मी सकाळी टेकडीपर्यंत जाऊन येत असे, ते पावसाळ्याच्या सुरुवातीपासून कॉलनीतल्या फेरीवर आले होते, कारण दम लागत नसला तरी थकवा येत होता. वजन कमी व्हावे ही इच्छा असणे आणि ते कमी होईल असे काही प्रत्यक्ष केलेले असणे, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या धरल्या. माझे खाणे मी ठरवून कमी केलेले नव्हते, व्यायाम तर घटलेलाच होता, आणि तरीही वजन उतरत होते. वैद्यकाच्या दृष्टीने ही नकळत झालेली घट होती.

यानंतर त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात चार ओळी लिहिल्या: जानेवारी ७८.४, एप्रिल ७६.८, जुलै ७४.२, सप्टेंबर ७२.६. हे सगळे आकडे त्याच दवाखान्यातल्या एकाच काट्यावरचे होते, आणि पुढच्या सगळ्या विचाराला त्यामुळेच आधार मिळाला. माझ्या घरच्या स्प्रिंगच्या काट्यावर त्याच सकाळी ७४.१ किलो दाखवले होते. जानेवारीचा आकडा दवाखान्यातला आणि सप्टेंबरचा घरचा घेतला असता, तर दीड किलोची घट कागदावरून गायब झाली असती. माणसाचे वजन एका दिवसातही पाणी, जेवण आणि कपडे यांमुळे किलो-दीड किलोने वरखाली होते. म्हणून तुलना करायची तर काटा एकच हवा, शक्यतो वेळही तीच हवी, आणि पादत्राणे काढलेली हवीत. माझ्या बाबतीत फरक जवळजवळ सहा किलोंचा होता, त्यामुळे स्वेटर किंवा नाश्ता यांच्या हिशोबात तो बसण्यासारखा नव्हता. पन्नास किलोंच्या माणसाचे मात्र पाच टक्के म्हणजे जेमतेम अडीच किलो होतात, आणि तिथे वजन घेण्यातला निष्काळजीपणा खरी घट लपवू शकतो किंवा नसलेली घट दाखवू शकतो.

मग त्यांनी टक्केवारी काढली. नेहमीच्या वजनातून आजचे वजन वजा करायचे, आलेल्या फरकाला नेहमीच्या वजनाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. ७८.४ वजा ७२.६ म्हणजे ५.८, आणि ५.८ भागिले ७८.४ गुणिले १०० म्हणजे ७.४ टक्के. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीने मोबाइलवर हाच हिशोब केला, पण भागाकार ७२.६ ने केला आणि तिचे उत्तर ८ टक्के आले. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले की भाजक नेहमी आधीचे वजन असते, कारण प्रश्न हा आहे की शरीराजवळ जे होते त्यातले किती गेले. घट मोठी असते तेव्हा या दोन उत्तरांतले अंतर वाढत जाते, म्हणून ही सवय सुरुवातीपासूनच नीट लागलेली बरी.

‘नेहमीचे वजन’ कोणते धरायचे, यावरही त्या थोड्या थांबल्या. पंचेचाळिशीत माझे वजन ८४ किलो होते, हे मी उत्साहाने सांगितले. तो आकडा त्यांनी बाजूला ठेवला, कारण तेथून खाली येण्यास पुष्कळ वर्षे लागली होती आणि त्याचा आजच्या प्रश्नाशी संबंध नव्हता. त्यांनी फाइलमधली जानेवारीच्या आधीची दोन वर्षे पाहिली. त्या काळात माझे वजन साडेसत्त्याहत्तर आणि एकोणऐंशी यांच्या मध्येच फिरत होते. म्हणजे जानेवारीचे ७८.४ हे माझे खरोखरच नेहमीचे, स्थिर वजन होते, आणि घसरण त्यानंतरची होती.

टक्केवारीला अर्थ येतो तो कालावधीमुळे. सर्वसाधारण वैद्यकीय व्यवहारात सहा ते बारा महिन्यांत नेहमीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक वजन नकळत कमी झाले, तर त्याचे कारण शोधले पाहिजे असे मानले जाते. कुपोषणाच्या निदानासाठी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही सहा महिन्यांच्या आत ५ टक्क्यांहून अधिक, किंवा त्याहून जास्त काळात १० टक्क्यांहून अधिक घट हा एक निकष आहे. तीच टक्केवारी जितक्या कमी दिवसांत गाठली जाते, तितकी ती अधिक गंभीर धरतात. ७८.४ चे पाच टक्के ३.९ किलो होतात, म्हणजे माझी रेषा साडेचौऱ्याहत्तर किलोंवर होती. जुलैमध्ये, बरोबर सहा महिन्यांनी, मी ७४.२ वर होतो. ज्या ओळीसमोर ‘उत्तम’ असे लिहिले होते, त्याच ओळीत मी ती रेषा ओलांडलेली होती.

ती तेव्हा कोणालाच का दिसली नाही, याचे कारण मला नंतर स्पष्ट झाले. वजन आणि उंची यांवरून काढायचा बीएमआय जानेवारीत २७.८ होता आणि सप्टेंबरमध्ये २५.७. आपल्याकडे २३ च्या वरच्या माणसाला वजनदार समजतात, त्यामुळे तक्त्यात पाहणाऱ्याला मी अजूनही जाडच दिसत होतो. बीएमआय सांगतो माणूस आज कुठे उभा आहे. तो कुठून आणि किती वेगाने तिथे आला, हे त्यातून कळत नाही. सडपातळ माणूस सहा किलोंनी उतरला तर शेजारीपाजारी विचारपूस करतात. स्थूल माणूस तितकाच उतरला तर लोक त्याच्याकडे आहाराचा तक्ता मागतात. स्थूल आणि त्यातून मधुमेही असलेल्या माणसासाठी टक्केवारीचे हे गणित सर्वाधिक गरजेचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण त्याच्या बाबतीत इतर कोणतीही खूण वेळेवर बोलत नाही.

माझ्या प्रकरणात आणखी एक गुंतागुंत होती. जानेवारीतच मला डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध सुरू झाले होते. हे औषध रक्तातली काही साखर लघवीवाटे बाहेर टाकते, तिच्याबरोबर उष्मांकही जातात, आणि त्यामुळे वजन कमी होते. मी ते कारण पुढे केले तेव्हा डॉक्टरांनी ते नाकारले नाही, पण त्याची मर्यादा दाखवली. या औषधाने सामान्यतः दोन-तीन किलो कमी होतात, ते मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत, आणि मग वजन एका जागी स्थिरावते. माझे आकडे उलट बोलत होते. पहिल्या तीन महिन्यांत १.६ किलो, पुढच्या तीन महिन्यांत २.६ किलो, आणि त्यानंतरच्या दोनच महिन्यांत पुन्हा १.६ किलो. औषधाच्या वाट्याला तीन किलो दिले तरी जवळजवळ तितकेच उरत होते, आणि उतार थांबण्याच्या वेळी अधिक तीव्र झाला होता. एकाच आकड्यावरून हे कधी कळले नसते. त्यासाठी मधल्या दोन नोंदी हव्या होत्या, आणि सुदैवाने त्या होत्या.

फाइलच नसती तर काय केले असते, असे मी विचारले. त्यांच्याकडे येणाऱ्या अनेकांजवळ मागच्या वजनाची नोंद नसते. तेव्हा त्या तीन गोष्टी पाहतात: कपड्यांच्या मापात फरक पडला आहे का, घरातले माणूस वजन उतरल्याला दुजोरा देते का, आणि रुग्ण स्वतः अंदाजे किती किलो गेले ते सांगू शकतो का. यांपैकी दोन जुळल्या तर घट खरी धरून पुढे जातात. माझ्या पत्नीने तिथल्या तिथे सांगितले की पट्ट्याला दोन नवी भोके पाडून आणावी लागली आहेत आणि अंगठी साबणाच्या हाताने निसटते म्हणून ती कपाटात ठेवली आहे. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. त्यांनी माझ्या घोट्यांवर अंगठा दाबून सूज आहे का तेही पाहिले. पायात किंवा पोटात पाणी साठलेले असेल तर काट्यावरचा आकडा जैसे थे राहतो आणि आतून स्नायू व चरबी झिजत राहतात, तेव्हा टक्केवारी फसवी ठरते.

कारण शोधण्याची सुरुवात भुकेपासून झाली. भूक चांगली असून वजन उतरत असेल तर बेफाम साखर, थायरॉइडची अतिक्रियता किंवा अन्न अंगी न लागणे यांच्याकडे आधी लक्ष जाते. भूक मंदावली असेल तर दीर्घकाळचे संसर्ग, कर्करोग, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार, नैराश्य आणि औषधांचे परिणाम यांचा विचार होतो. माझी भूक कमी झाली होती. त्यांनी दात आणि कवळी, गिळताना होणारा त्रास, शौचाच्या सवयी, झोप आणि मन यांबद्दलही विचारले, आणि रात्री घाम येतो का हेही विचारले. घाम येत होता, पण मी तो उकाड्याचा समजत होतो.

त्यानंतर तपासण्यांची पहिली फेरी झाली: हिमोग्राम, शरीरातला दाह किंवा संसर्ग सुचवणारा ईएसआर, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, कॅल्शियम, थायरॉइड, एचआयव्ही, लघवी, शौचातील सुप्त रक्त, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी. यादी ऐकून मला थेट पूर्ण अंगाचा सीटी स्कॅन का नको, असे वाटले आणि मी तसे विचारले. त्यांचे उत्तर मला पटले. ही पहिली फेरी पूर्णपणे स्वच्छ निघाली तर गंभीर आजार असण्याची शक्यता बरीच घटते. अशा वेळी अंदाधुंद स्कॅन करत बसण्यापेक्षा तीन ते सहा महिने त्याच काट्यावर वजन घेत राहणे अधिक उपयोगी ठरते. नकळत वजन घटलेल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांत तपासूनही कारण सापडत नाही, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले.

माझी फेरी स्वच्छ निघाली नाही. हिमोग्लोबिन कमी, ११.४ होते, ईएसआर बराच वाढलेला, ८२ होता आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात सावली होती. क्षयरोगाची सावली सहसा वरच्या भागात शोधतात, पण मधुमेहींमध्ये ती खालीही दिसते. खोकला नसल्यामुळे बेडका येत नव्हता, म्हणून खारट पाण्याची वाफ देऊन तो काढला. सीबीनॅट चाचणीत क्षयरोगाचे जंतू सापडले, आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या प्रमुख औषधाला ते दाद देतात असेही निष्पन्न झाले. खोकल्याशिवाय क्षयरोग कसा, हा माझा प्रश्न होता. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण एक्स-रे काढला नसता तर सुटले असते, असे डॉक्टरांनी सांगितले. लक्षणे विचारून सापडणारे रुग्ण सगळे नसतात.

सरकारी क्षयरोग केंद्रात ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंद झाली, पत्नीची तपासणी झाली आणि उपचार सुरू झाले. दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन, असा क्रम होता. रोजच्या गोळ्यांची संख्या वजनाच्या गटावर ठरते, त्यामुळे तिथेही आधी काट्यावर उभे राहावे लागले. त्या दिवशी ७२.४ किलो भरले. डापाग्लिफ्लोझिन बंद करून मला काही काळ इन्सुलिनवर ठेवले, कारण वजन घटत असताना वजन घटवणारे औषध चालू ठेवण्यात अर्थ नव्हता आणि रिफाम्पिसिन मधुमेहाच्या कित्येक गोळ्यांचा प्रभाव कमी करते.

पहिल्या पंधरवड्यात वजन आणखी उतरून ७१.८ झाले आणि मी घाबरलो. नंतर भूक परतली आणि दोन महिन्यांनी ७४.३ भरले, म्हणजे सुरुवातीच्या ७२.४ वर २.६ टक्क्यांची वाढ. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या पोषणावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल मी तोवर वाचले होते. त्यात पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला होता. माझे २.६ टक्केच कसे, अशी चिंता मी डॉक्टरांसमोर मांडली. त्यांनी सांगितले की त्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण अतिशय कृश होते. त्यांच्यासाठीचा आकडा २५ च्या वर बीएमआय असलेल्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय इन्सुलिननेही वजन वाढते, त्यामुळे माझ्या बाबतीत नुसत्या वजनवाढीवर विसंबून न राहता त्यांनी दोन महिन्यांनंतरची थुंकी तपासणी आणि भूक या दोन्ही गोष्टी सोबत पाहिल्या. थुंकी निर्जंतुक निघाली होती, आणि दुसरी भाकरी मी पुन्हा मागून घेऊ लागलो होतो.

एक गोष्ट मात्र टक्केवारीतून दिसत नाही. गेलेल्या वजनात स्नायूही होते आणि परत येणाऱ्या वजनात चरबी अधिक असू शकते. त्यामुळे काट्यावर आकडा भरून आला तरी जिना चढताना मांड्या थरथरत होत्या. डॉक्टरांनी खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठण्याचा व्यायाम दिला आणि आहारात डाळ, अंडी व दही यांचे प्रमाण वाढवायला सांगितले. ताकद परतायला वजनापेक्षा अधिक वेळ लागला, आणि ती अजून पूर्ण परतलेली नाही.

सहा महिन्यांचे उपचार संपले तेव्हा वजन ७७ किलो होते. मधुमेहासाठी वजन थोडे कमी असावे हा सल्ला अर्थातच कायम आहे, आणि आता मी ते ठरवून, आहारतज्ज्ञांनी दिलेल्या तक्त्याप्रमाणे कमी करणार आहे. म्हणून डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर नवी नोंद केली: आधारवजन ७७.०, पाच टक्क्यांची रेषा ७३.१, आणि त्यापुढे ‘प्रयत्न चालू असल्यास दरमहा किती घट अपेक्षित ते लिहावे’. आम्ही मिळून महिन्याला अर्धा किलो असे ठरवले आहे. घट त्याहून वेगाने झाली, किंवा मी तक्ता पाळत नसतानाही झाली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता एक्स-रे आणि ईएसआर पुन्हा करायचे आहेत.